बचत खात्याचा चौदा महिन्यांचा अनुभव आणि ७० रुपये ८० पैसे

ॲप बरं चालतं, पासबुक छापायचं मशीन बहुतेक वेळा चालू असतं, शाखा अशोक स्तंभाजवळ म्हणजे दुकानातून पायी पाच मिनिटं. तक्रार नव्हती. जुलैत ७० रुपये ८० पैसे कापले गेले आणि डोकं फिरलं.

२ जुलैला मेसेज आला होता: ‘मासिक सरासरी शिल्लक न राखल्यास तुटीच्या ६% किंवा ₹५००, यापैकी कमी असेल ती रक्कम अधिक कर आकारण्यात येईल. मुदत ठेव व वेतन खात्यास सवलत.’ पाचशे वाचून धस्स झालं. ४ तारखेला पैसे गेले, तेही भलतेच.

रात्री वही घेऊन बसलो. खात्याला ५,००० ची सरासरी लागते. जूनमध्ये पहिले १० दिवस ८,००० होते, माल भरल्यावर उरलेले २० दिवस २,०००. रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची बेरीज १,२०,०००, भागिले ३०, म्हणजे ४,०००. तूट १,०००, तिचे ६ टक्के ६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०.८०. हिशेब चोख निघाला, तेव्हा बँकेला घातलेल्या शिव्या अर्ध्या परत घेतो.

पण ते पाचशे? महिनाभर खातं कोरडं ठेवलं तरी ५,००० चे ६ टक्के ३००च होतात. ती मर्यादा १०,००० च्या खात्याला उपयोगाची. आमच्या मेसेजात ती नुसती भीती घालायला.

शाखेतल्या मॅडमना हे सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, “काका, मग तुम्हीच सोपं लिहून द्या.” मी खरंच लिहिलं:

‘महिन्याची सरासरी ५,००० हवी. जितकी कमी पडेल, त्यातल्या दर शंभराला ६ रुपये दंड, वर जीएसटी. दंड ३०० च्या पुढे जाणार नाही, जीएसटी वेगळा. आधी मेसेज येईल. त्यानंतर एक महिन्यात शिल्लक पुरी केलीत तर दंड नाही. मुदत ठेव असेल किंवा पगाराचं खातं असेल, तरी दंड नाही.’

‘व’ चा ‘किंवा’ करण्याआधी मॅडमनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. दोन्हीपैकी एक पुरतं. म्हणजे ठेव असलेली आमची शेजारीण उगाच पगाराच्या दाखल्याची वाट बघत होती!

एक महिन्याच्या ओळीवर मात्र त्या थबकल्या. ही मुदत रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, १ एप्रिल २०१५ पासून. मी मोबाइल पुढे केला: मेसेज २ तारखेचा, कपात ४ ची. त्यांनी काही न बोलता अर्जाचा कागद काढला. आठ दिवसांत ७०.८० परत आले.

माझा मजकूर आता पासबुकच्या मशीनशेजारी चिकटवलाय, थोडा वाकडा. मेसेजात अजून पाचशेच येतात.