रिटेन्शन कर्व्ह चांगला की वाईट: तुलना स्वतःच्या व्हिडिओंशी की सगळ्या यूट्यूबशी?

व्हिडिओ टाकून दोन-तीन दिवस झाले की रिटेन्शनचा आलेख दिसू लागतो. अर्ध्या व्हिडिओपर्यंत ४० टक्के प्रेक्षक टिकले, हे कळतं. पण ४० टक्के म्हणजे बरं की वाईट? नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण व्हिडिओ जितका लांब तितके हे टक्के आपोआप उतरतात. चार मिनिटांच्या व्हिडिओतले ५० टक्के म्हणजे दोन मिनिटं, वीस मिनिटांच्या व्हिडिओतले ५० टक्के म्हणजे दहा मिनिटं. म्हणून तुलना साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशीच करावी लागते. प्रश्न उरतो तो कोणाच्या व्हिडिओंशी, हा.

पर्याय दोन आहेत. पहिला यूट्यूब स्टुडिओत आयता मिळतो. तुमच्याच चॅनलच्या तेवढ्याच लांबीच्या अलीकडच्या दहा व्हिडिओंवरून एक पट्टा काढलेला असतो आणि नवा व्हिडिओ त्या पट्ट्याच्या वर, आत की खाली आहे ते दिसतं. दुसरा पर्याय म्हणजे रिलेटिव्ह रिटेन्शन. यात यूट्यूबवरच्या जवळपास तेवढ्याच लांबीच्या सगळ्या व्हिडिओंशी तुलना होते आणि व्हिडिओच्या प्रत्येक टप्प्याला ० ते १ मधला एक आकडा मिळतो. ०.५ आला तर त्या टप्प्यावर निम्मे व्हिडिओ तुमच्यापेक्षा जास्त प्रेक्षक टिकवतात आणि निम्मे कमी. मी हा आकडा यूट्यूब अ‍ॅनालिटिक्स एपीआयमधून काढतो. क्वेरी छोटीच आहे:

```
ids=channel==MINE
startDate=2024-01-01
endDate=2024-03-31
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=audienceWatchRatio,relativeRetentionPerformance
filters=video==VIDEO_ID;audienceType==ORGANIC
```

शेवटच्या ओळीतलं `ORGANIC` विसरू नका. व्हिडिओची जाहिरात चालवली असेल तर जाहिरातीतून आलेले प्रेक्षक लवकर निघून जातात आणि आलेख नाहक खाली ओढला जातो.

माझं चॅनल स्प्रेडशीट शिकवणारं आहे, व्हिडिओ साधारण आठ मिनिटांचे. त्यातला एक घेऊ. तिसाव्या सेकंदाला ५६ टक्के प्रेक्षक उरले होते, मध्यावर ४१ टक्के. स्टुडिओच्या मते दोन्ही जागी आलेख पट्ट्याच्या आत, म्हणजे नेहमीसारखाच. रिलेटिव्ह आकडे मात्र तिसाव्या सेकंदाला ०.३८ आणि मध्यावर ०.६६ होते. म्हणजे सुरुवात सर्वसाधारण व्हिडिओपेक्षा कमकुवत आणि मधला भाग चांगलाच भक्कम.

इथे वाचताना एक गल्लत होऊ शकते. रिलेटिव्ह आकडा ०.३८ वरून ०.६६ वर चढला म्हणजे गेलेले प्रेक्षक परत आले असं नाही. माझे प्रेक्षक कमीच होत होते, पण इतरांचे जास्त वेगाने कमी होत होते. शिवाय मध्यावरच्या आकड्यात सुरुवातीची गळती धरलेली असते, त्यामुळे मधल्या भागाचा खरा जोर थोडा झाकलाच जातो. तो वेगळा पाहायचा असेल तर साधा भागाकार करावा: ४१ भागिले ५६, म्हणजे ०.७३. पहिली तीस सेकंदं थांबलेल्या दर शंभरातले ७३ जण मध्यापर्यंत पोहोचले.

मग पट्ट्याला सुरुवात कमकुवत का वाटली नाही? कारण माझ्या सगळ्याच व्हिडिओंची सुरुवात तशीच होती: लोगोचं अ‍ॅनिमेशन आणि त्यानंतर ‘आज आपण काय काय पाहणार आहोत’ याची यादी. आलेख उतरत होता तो नेमका त्या यादीच्या सेकंदांवर. दहाही व्हिडिओंत तोच उतार असेल तर त्यांच्यावरून काढलेल्या पट्ट्यातही तो येणारच, आणि नव्या व्हिडिओतला उतार नेहमीचाच दिसणार.

मी ती सुरुवात काढून टाकली. पुढच्या व्हिडिओत पहिल्याच सेकंदाला तयार झालेली शीट दाखवली आणि लगेच कामाला हात घातला. तिसाव्या सेकंदाला ६४ टक्के, रिलेटिव्ह ०.५२. मध्यावर ४५ टक्के. भागाकार केला तर ०.७०, म्हणजे मधला भाग जवळपास होता तसाच राहिला, फरक पडला तो सुरुवातीला. या वेळी स्टुडिओनेही सुरुवात पट्ट्याच्या वर दाखवली.

माझा निर्णय ज्या त्रासाने झाला तो यानंतरचा. त्याच पद्धतीने आणखी व्हिडिओ येत गेले, जुने व्हिडिओ दहाच्या यादीतून बाहेर पडले आणि पट्टा वर सरकला. तिसाव्या सेकंदाला तेवढेच ६४ टक्के, पण स्टुडिओत पुन्हा ‘नेहमीसारखं’. उलट चॅनलचे चार-पाच व्हिडिओ ओळीने पडले की पट्टा खाली येतो आणि मग एखादा जेमतेम व्हिडिओही चमकताना दिसतो. ज्या मापाने मोजायचं तेच आपल्याबरोबर हलत असेल, तर सहा महिन्यांनी मागे वळून आपण सुधारलो का हे विचारायची सोय राहत नाही. रिलेटिव्ह आकडा मात्र त्या सगळ्या काळात ०.५ च्या आसपासच राहिला, आणि त्यावरून मला स्पष्ट कळलं की सुरुवात आता वाईट नाही, पण उत्तम म्हणण्याइतकीही अजून झालेली नाही.

तरीही रिलेटिव्ह आकड्याला विषय कळत नाही, फक्त लांबी कळते. माझ्या आठ मिनिटांच्या शिकवणीची तुलना आठ मिनिटांच्या विनोदी व्हिडिओशीही होते. सर्चमधून आलेला माणूस हवं ते सूत्र मिळालं की निघून जातो, त्यात व्हिडिओचा दोष नसतो. आकडा मात्र उतरतो. माझ्यासारखे बरेच व्ह्यूज सर्चमधून येत असतील तर शेवटच्या भागात ०.४५ आला तरी मी फारसं मनावर घेत नाही.

उंचवट्यांबाबतही जपून. `audienceWatchRatio` मध्ये तो भाग किती वेळा पाहिला गेला ते मोजलं जातं, त्यामुळे मागे जाऊन पुन्हा पाहिलं की आकडा वाढतो आणि त्याबरोबर रिलेटिव्हही. माझ्या एका व्हिडिओत असा सुंदर उंचवटा होता. जाऊन पाहिलं तर तिथे सूत्र इतक्या बारीक अक्षरांत होतं की लोक थांबून, मागे जाऊन वाचत होते.

लांब व्हिडिओंसाठी हे साधन जरा बोथट आहे. लांबी कितीही असो, आलेखाचे बिंदू शंभरच मिळतात. आठ मिनिटांत एक बिंदू पाच सेकंदांहून थोडा कमी, म्हणजे तिसावं सेकंद साधारण सहाव्या बिंदूवर येतं आणि सुरुवात नीट वाचता येते. तासाभराच्या व्हिडिओत एक बिंदू ३६ सेकंदांचा, म्हणजे अख्खी सुरुवात एकाच बिंदूत. तिथे स्टुडिओतलं तिसाव्या सेकंदाचं थेट टक्क्यांतलं माप जास्त उपयोगी, असं मला वाटतं.

चॅनलच्या पट्ट्याचा उपयोग मी अजूनही करतो, पण एकाच कामासाठी. प्रेक्षक तेच, विषय तोच आणि मांडणीत एकच गोष्ट बदलली असेल, तर तिचा परिणाम लगेच पाहायला पट्टा सोयीचा आहे. नव्या चॅनलवर तेवढ्या लांबीचे व्हिडिओच मोजके असतील तर मात्र पट्ट्यावर फार विसंबू नये, एखाद्या चाललेल्या व्हिडिओनेही तो वाकडा होतो.

तुमचे व्हिडिओ पाच ते पंधरा मिनिटांचे असतील आणि व्ह्यूज बऱ्यापैकी येत असतील, तर मी रिलेटिव्हच घ्या म्हणेन. आधी तिसाव्या सेकंदाचा बिंदू पाहा, मग मध्याचा, आणि दोन्हींमधला भागाकार स्वतः करा. सुरुवात ०.४ च्या खाली आणि भागाकार चांगला असेल, तर एडिटिंगचा वेळ पहिल्या अर्ध्या मिनिटावर घालवा. उलट असेल तर सुरुवातीला हात लावू नका, मधले लांबलेले भाग कापा.