सकाळी चेहऱ्यावर चार थर की दोन?

क्रमाबद्दल फारसा वाद नाही. आधी फेसवॉश, मग सीरम, त्यावर मॉइश्चरायझर आणि सगळ्यात शेवटी सनस्क्रीन. पातळ ते आधी आणि दाट ते नंतर, कारण मलमासारखा थर एकदा बसला की पाण्यासारखं सीरम त्यातून खाली नीट उतरत नाही. सनस्क्रीन शेवटी असतं, कारण त्याचा चेहऱ्यावर एक सलग पापुद्रा बसावा लागतो. त्यावर पुन्हा क्रीम चोळलं की तो जागोजागी विस्कटतो. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर तळहातावर कालवून एकदम लावणारेही आहेत. वेळ वाचतो, पण त्या मिश्रणातून नेमकं किती संरक्षण उरतं हे सांगता येत नाही.

प्रश्न एवढाच, की सकाळी हे चारही लागतात का? मी वर्षभर चारही लावले, आता बहुतेक दिवस दोनच गोष्टींवर भागवतो, साधं पाणी आणि सनस्क्रीन. माझी त्वचा तेलकट आहे, दाढी खुरटी ठेवतो आणि डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडतो. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

चार थरांचं मला काही वावडं नव्हतं. सुरुवातीचे महिने बरे गेले. त्या काळात मी सनस्क्रीन वाटाण्याएवढं घेत होतो. मग कळलं की ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. घरगुती भाषेत सांगायचं तर तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. वाटाण्याएवढ्या थेंबात ५० चा आकडा नावालाच उरतो.

दोन बोटं सनस्क्रीन घ्यायला लागलो आणि त्याच आठवड्यात ती कटकट सुरू झाली. अंघोळीत अंग चोळल्यावर मळाच्या वळकट्या निघतात ना, तशा पांढऱ्या वळकट्या चेहऱ्यावरून निघायला लागल्या. कानशिलाजवळ, नाकाच्या कडेला आणि सगळ्यात जास्त दाढीत. गाडीत रुमालाने घाम टिपला की रुमालावर खोडरबराचा चुरा. एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये आरसा पाहिला, तर गडद निळ्या शर्टाच्या कॉलरवर कोंडा पडल्यासारखं दिसत होतं. डोक्यात कोंडा नसलेल्या माणसाला हा आळ सहन होत नाही.

याला पिलिंग म्हणतात. सीरमच्या जेलला दाटपणा आणणारे घटक, मॉइश्चरायझरमधलं सिलिकॉन आणि वरून सनस्क्रीनचा पापुद्रा हे एकमेकांना धरत नाहीत, खालचा थर ओला असताना वरचा चोळला जातो, आणि सगळं गोळा होऊन सुटतं. दिसायला वाईट हा भाग सोडा. जिथून वळकटी निघाली तिथलं सनस्क्रीनही गेलं, हे खरं दुखणं.

मी आधी सनस्क्रीनवरच संशय घेतला. दुसरं आणलं, तेच. मग एका रविवारी शांतपणे बसलो. डाव्या गालावर चारही थर, उजव्या गालावर मॉइश्चरायझर वगळून बाकीचे. दहा मिनिटांनी दोन्हीकडे बोट फिरवलं. डावीकडे चुरा, उजवीकडे काही नाही. पुढच्या रविवारी डावीकडे मॉइश्चरायझर ठेवलं आणि सीरम वगळलं, तर चुरा निघाला, पण अगदी थोडा. म्हणजे माझ्याकडच्या डब्या-बाटल्यांत मुख्य आरोपी मॉइश्चरायझर आणि त्याला सीरमची साथ. तुमच्याकडे उलट निघू शकेल. प्रत्येक थरानंतर पाच-सात मिनिटं थांबलं आणि चोळण्याऐवजी थापत लावलं, तर चारही थर बऱ्यापैकी टिकतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण सकाळी तेवढा वेळ माझ्याकडे नाही. घाईत हात आपोआप सनस्क्रीन कमी घ्यायला लागला, आणि चौघांत तेच एक कमी करून चालणार नव्हतं.

मॉइश्चरायझर सुटलं ते असं. त्याची उणीव मला फारशी भासली नाही, कारण सनस्क्रीन हेही शेवटी एक क्रीमच आहे आणि त्यात त्वचा मऊ ठेवणारे घटक असतातच. मुंबईच्या दमट हवेत तेलकट चेहऱ्याला तेवढं पुरतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाल ओढल्यासारखे वाटले, तर पातळसा हात फिरवतो आणि चहा होईपर्यंत थांबतो.

सीरमचा निर्णय जरा जड गेला. माझ्याकडे नायसिनमाइड होतं. त्याचं सकाळशी काही खास नातं नाही, म्हणून ते रात्रीवर ढकललं. व्हिटॅमिन सी असेल तर गोष्ट वेगळी. ते सकाळी सनस्क्रीनखाली लावण्यात अर्थ आहे, कारण सनस्क्रीनमधून निसटलेल्या उन्हाने होणारं नुकसान ते थोडं कमी करतं. डाग किंवा वांग असेल, तर मी ते सहज सोडायला सांगणार नाही. फक्त बाटलीवर लक्ष ठेवा. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असलेलं द्रव चहाच्या रंगाचं झालं, की ते उतरलं. आमच्या घरातल्या उकाड्यात माझी बाटली अर्ध्यावरच तशी झाली होती.

फेसवॉशचं म्हणाल, तर तो रात्री चुकवत नाही, कारण दिवसभराचं सनस्क्रीन नुसत्या पाण्याने निघत नाही. सकाळी मात्र साधं पाणी मारतो, टॉवेलने टिपतो आणि चेहरा पूर्ण कोरडा होऊ देतो. ओल्या चेहऱ्यावर सनस्क्रीन ओघळतं आणि सारखं बसत नाही. एप्रिल-मे मध्ये उठल्या उठल्या चेहरा तेलाने चिकट असतो, तेव्हा थोडा सौम्य फेसवॉश घेतो.

माझ्या बायकोचा हिशेब याच्या उलट आहे. तिची त्वचा कोरडी आहे आणि ती रात्री डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापेलिन हे मुरुमांवरचं औषध लावते, त्यामुळे नाकाच्या कडेची सालं निघतात. मॉइश्चरायझरशिवाय सनस्क्रीन लावलं तर तिला झोंबतं आणि सालांवर पांढरे ठिपके उठून दिसतात. तिने मॉइश्चरायझर ठेवलं आणि सकाळचं सीरम काढलं. वळकट्या तिलाही येत नाहीत, कारण मधे डबा भरण्याची पंधरा मिनिटं जातात.

म्हणून मी कुणाला चार थर चुकीचे आहेत असं म्हणणार नाही. कोरडी त्वचा, घरून काम आणि हाताशी वेळ असेल, तर चारही लावा. पण तेलकट चेहऱ्याने धावपळीत बाहेर पडत असाल, तर आधी पाणी आणि दोन बोटं सनस्क्रीनवर पंधरवडा काढून पाहा. गाल ओढायला लागले तर मॉइश्चरायझर परत आणा, नाहीतर त्याला राहू द्या. दुपारभर उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा सनस्क्रीन लावायचंच आहे, आणि तेव्हाही खाली दोन थर कमी असले की हात सुरळीत फिरतो. माझी मॉइश्चरायझरची डबी आता आईकडे असते. ती ते टाचांना लावते, आणि तिथे वळकट्या निघाल्या तरी कुणाची तक्रार नाही.