‘प्रोफॉर्मा लिहू नका, पार्टी घाबरते’ म्हणाला, आणि मी ऐकलं

जळगावात माझं पीव्हीसी पाइपाचं छोटं युनिट आहे. बावीस वर्षं धंदा करतोय, आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही. तरी शहाद्याचा एक दुकानदार चार माणसं घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि कामगारांदेखत ओरडला, “भाऊ, पैसा मी भरी टाका, मना माल कथा शे?” त्याच्या हातात माझाच कागद होता. वर माझं नाव, खाली माझा शिक्का, रक्कम 99,120 रुपये. फक्त बँकेचं खातं माझं नव्हतं.

मध्ये दलाल होता. त्याने फोनवर ऑर्डर दिली: 75 मिमीचे 200 पाइप, दर 420. म्हणजे 84,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 15,120. आमचं ठरलेलं असतं, आधी प्रोफॉर्मा म्हणजे नुसतं दरपत्रक, मग 30 टक्के आगाऊ, मग माल. मी मेल लिहायला बसलो तर हा म्हणाला, “शेठ, प्रोफॉर्मा लिहू नका, पार्टी घाबरते. नुसतं इन्व्हॉइस लिहा. आणि एक्सेलच पाठवा, पार्टीचा जीएसटी नंबर मी टाकतो.”

तिथेच मला कळायला हवं होतं. खऱ्या गिऱ्हाइकाला प्रोफॉर्मा शब्दाची भीती कशाला वाटेल? आणि जीएसटी नंबर फोनवर सांगता येतो, त्यासाठी माझी उघडी फाइल कशाला लागते? पण गाडी भरायची चालू होती, दोनदा लाइट गेली होती, आणि आमच्या गल्लीत सगळेच मागचं बिल कॉपी करून प्रोफॉर्मा बनवतात. मीही तेच केलं. वर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ तसंच राहिलं, नंबर पडला 147, माझ्या खऱ्या बिलांच्या मालिकेतला. मेलच्या विषयात ‘इन्व्हॉइस 147’, आत एकच ओळ: “बिल जोडले आहे, कृपया पेमेंट करावे.”

दलालाने खात्याचा नंबर बदलला आणि मेल पुढे ढकलला: बिल फाटलं, गाडी भरली, पूर्ण पैसे टाका. दुकानदाराने टाकले. रक्कम एक लाखाच्या आत, माल राज्यातल्या राज्यात, त्यामुळे माल वाहतुकीचं ई-वे बिल कुठाय हे विचारायचं कारणही त्याला उरलं नाही. आकडा मुद्दाम तेवढा ठेवला होता, हे मला आता दिसतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, बिल तुमचं, सही तुमची, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याने तक्रार करावी. दुकानदाराने केली, पण त्याला चौथ्या दिवशी कळलं होतं, तोवर खातं रिकामं. (असे पैसे गेले तर त्याच तासाला 1930 लावा, ठाण्याच्या चकरा नंतर मारा.) शहाद्याला सांगितलं, कागद जळगावचा, तिकडे जा. जळगावला सांगितलं, पैसे शहाद्यातून गेले, तिकडे जा. तीन वेळा एसटीने गेलो आलो. एकाही अधिकाऱ्याने त्या दलालाच्या नंबरावर साधा फोन लावला नाही. उलट मलाच विचारलं, माल न देता बिल का काढलं? चोराला कुणी हात लावत नाही, मला मात्र आरोपीसारखं बाकावर बसवून ठेवलं.

शेवटी बाजारात नाव राहावं म्हणून 49,560 रुपयांचा माल मी माझ्या पदरचा दिला. दलालाला आधी दिलेले 5,000 वेगळे गेले.

नंतर मी मेल सगळा नव्याने लिहिला. आता तो असा जातो:

“विषय: प्रोफॉर्मा पीआय-31, आगाऊ दरपत्रक (कर बिल नाही)

नमस्कार भाऊ, सोबतचा कागद हे फक्त दरपत्रक आहे. माल अजून निघालेला नाही. हा दर 7 दिवस चालेल. या कागदावर तुम्हाला जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. आगाऊ 29,736 रुपये फक्त खालील खात्यात भरा, आणि भरण्याआधी कारखान्याच्या पाटीवरच्या नंबरावर मला फोन करून खातं पडताळा. आगाऊ मिळाल्याची पावती देऊ. कर बिल वेगळ्या नंबराचं असेल आणि गाडीबरोबर येईल.”

‘कर बिल नाही’ हे विषयातच ठेवा, कारण मेल पुढे ढकलला की लोक आतलं वाचत नाहीत, विषय वाचतात. पीडीएफच्या प्रत्येक पानावरही तेच आडवं छापतो. पीडीएफसुद्धा बदलता येते, म्हणून ती फोनची ओळ काढू नका. प्रोफॉर्माची मालिका वेगळीच हवी. माझा 147 नंबर दोन दिवसांनी एरंडोलच्या पार्टीच्या खऱ्या बिलावर पडला, म्हणजे एकाच नंबराचे दोन कागद बाजारात फिरत होते. सीएने तो घोळ लेखी नोंदवून घेतला. आणि मेल दलालाला एकट्याला कधीच नाही, पार्टीच्या पत्त्यावर थेट.

दलालाचा फोन अजून लागतो. तो उचलत नाही.