कम्प्लीट, कन्क्लूड, रॅप अप की फायनलाइज: प्रोजेक्टच्या मेल आणि मिनिट्समध्ये कुठे काय लिहायचं

"झालं" एवढंच सांगायला प्रोजेक्टच्या मेलमध्ये चार-पाच इंग्रजी शब्द हाताशी असतात आणि घाईत आपण जो आधी सुचेल तो टाकतो. टेस्टिंग कम्प्लीट, डिझाइन फायनलाइज्ड, डिस्कशन कन्क्लूडेड, रॅपिंग अप धिस वीक. तोंडी बोलताना "झालं रे" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, झालं म्हणजे नक्की काय झालं? मेल वाचणारा सहसा विचारत नाही, तो त्या शब्दावर भरवसा ठेवून पुढचं काम चालू करतो किंवा थांबवतो, आणि गडबड तिथेच होते. म्हणून यातला कुठला शब्द निवडायचा हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते, हा शब्द वाचून समोरचा माणूस उद्या सकाळी काय करेल?

कम्प्लीट वाचला की तो पुढचा टप्पा सुरू करतो. फायनलाइज्ड वाचला की तो बदल सुचवायचं थांबवतो. कन्क्लूडेड वाचला की चर्चेची वाट बघायचं सोडतो. आणि रॅपिंग अप वाचला की काहीच करत नाही, थांबून राहतो, कारण काम अजून चालूच आहे हे त्याला कळतं. चारही शब्द "संपलं" कडे झुकतात पण प्रत्येकात संपलेली वस्तू वेगळी आहे.

कम्प्लीटपासून सुरुवात करूया, कारण सगळ्यात जास्त वापर याचाच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्यामुळेच. समजा पेमेंट मॉड्यूलच्या 48 टेस्ट केसेस आहेत. टेस्टरने सगळ्या चालवल्या, 45 पास झाल्या, 3 फेल. तो मेल टाकतो, "टेस्टिंग ऑफ द पेमेंट मॉड्यूल इज कम्प्लीट." त्याच्या बाजूने हे शंभर टक्के खरं आहे, त्याच्या वाट्याच्या 48 च्या 48 चालवून झाल्या. पण रिलीज बघणारी बाई हे वाचून समजते की मॉड्यूल तयार आहे आणि ती रिलीजची तारीख कळवून टाकते. खोटं कोणीच बोललेलं नाही, फक्त "टेस्टिंग" या नावात काय काय धरलंय हे दोघांच्या डोक्यात वेगवेगळं होतं. म्हणजे घोळ कम्प्लीटमध्ये नाहीये, त्याच्या आधीच्या नामात आहे. कम्प्लीट म्हणजे सगळे भाग जागेवर आले, कुठलाच उरला नाही, त्यामुळे भाग किती आणि कोणते हे ठरलेलं नसेल तर हा शब्द पोकळ होतो. स्क्रम वापरणाऱ्या टीम "डेफिनिशन ऑफ डन" म्हणून जो प्रकार आधी लिहून ठेवतात तो नेमका याचसाठी, की "डन" म्हणताना सगळ्यांच्या मनात एकच यादी असावी.

याच मेलची दुरुस्ती सोपी आहे: "टेस्ट एक्झिक्यूशन इज कम्प्लीट. 48 रन, 45 पास्ड, 3 फेल्ड. रीटेस्ट पेंडिंग." आता कम्प्लीट फक्त एक्झिक्यूशनला लागलंय, मॉड्यूलला नाही, आणि रिलीजवाली आपोआप थांबते. "इज कम्प्लीट" आणि "वॉज कम्प्लीटेड ऑन 14 मार्च" यातही फरक आहे बरं का. पहिला आजची स्थिती सांगतो, दुसरा घटना आणि तारीख. स्टेटस मेलला पहिला चालतो, मिनिट्समध्ये मात्र मी दुसरा घेईन, कारण मिनिट्स काही महिन्यांनी वाद झाला की उघडले जातात आणि तेव्हा "इज" म्हणजे कधीचं "इज" हे कोणालाच आठवत नाही. बांधकामाच्या कामात तर कम्प्लीशन हा पैशाचा शब्द आहे, करारात लिहिलेल्या कम्प्लीशनवरून राखून ठेवलेली रक्कम कधी सुटणार आणि दोष दुरुस्तीची मुदत कधी सुरू होणार हे ठरू शकतं, त्यामुळे तिथे करारातला अर्थ बघितल्याशिवाय साध्या मेलमध्येसुद्धा हा शब्द सहज टाकू नये.

फायनलाइज हा कामाचा शब्द नाही, निर्णयाचा आहे, आणि माझ्या मते लोक हेच विसरतात. कागद लिहून पूर्ण झाला म्हणजे तो फायनल झाला असं होत नाही, ज्याला मान्यता द्यायचा अधिकार आहे त्याने हो म्हटल्यावर तो फायनल होतो. मराठीत यासाठी शिक्कामोर्तब हा चांगला खणखणीत शब्द आहे, शिक्का मारणारा कोणीतरी असावा लागतो हे त्यातच आलं. "वी हॅव फायनलाइज्ड द फील्ड लिस्ट" या वाक्यातला "वी" कोण? आमची टीम की आम्ही आणि क्लायंट मिळून? डेव्हलपर दुसरा अर्थ घेतो, कोड लिहायला बसतो, आणि क्लायंटने ती यादी अजून उघडलेलीही नसते. म्हणून फायनलाइज लिहिलं की त्याच्यासोबत दोन गोष्टी हव्यातच, कोणी मान्य केलं आणि कुठलं व्हर्जन. "फील्ड लिस्ट v3 अप्रूव्ह्ड बाय क्लायंट ऑन 14 मार्च" असं लिहिलं तर फायनलाइज शब्दाची गरजच उरत नाही, आणि खरं सांगू का, मला तेच जास्त आवडतं. `Requirements_final_v2_FINAL.docx` नावाची फाइल फोल्डरमध्ये दिसली की समजायचं, फायनल हा शब्द कोणाच्याही मान्यतेशिवाय वापरला गेलाय.

याच शब्दाचा चालू काळातला अवतार अजून वेगळा, "वी आर फायनलाइजिंग द डिझाइन." यातून वाचणाऱ्याला वाटतं शेवटचा हात फिरवणं चाललंय, पण लिहिणाऱ्याच्या मनात बरेचदा "अजून दोन पर्यायांत अडकलोय" असं असतं. अडकला असाल तर तसं लिहा ना, "ऑप्शन ए की बी, निर्णय बुधवारी", वाचणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. आणि हा शब्द इंग्रजीतही सगळ्यांना गोड लागत नाही. 1961 मध्ये वेबस्टरची तिसरी मोठी डिक्शनरी आली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात तिची जी खिल्ली उडवली त्यात मुद्दाम हाच शब्द वापरला होता, कारण तो सरकारी-ऑफिसी बोजड शब्द म्हणून अनेकांना खटकायचा. आज तो सर्रास चालतो, तेव्हा त्या कारणासाठी टाळायची गरज नाही, पण नुसतं "लिहून संपवलं" म्हणायचं असेल तर फिनिश पुरतो.

कन्क्लूड मिनिट्समध्ये शोभतो, "द मीटिंग कन्क्लूडेड ॲट 4:30" हे वाक्य अगदी बरोबर, कारण मीटिंग ही वेळेत चालणारी गोष्ट आहे आणि ती थांबली. काम मात्र कन्क्लूड होत नाही, "कोडिंग कन्क्लूडेड" हे कानाला लगेच खटकतं. अडचण येते चर्चेपाशी. "द डिस्कशन ऑन व्हेंडर सिलेक्शन वॉज कन्क्लूडेड", आता यात निर्णय झाला की नुसतं बोलणं थांबलं? दोन्ही अर्थ निघतात. कन्क्लूडच्या मागे "दॅट" आला की अर्थ फिरतो, "द टीम कन्क्लूडेड दॅट व्हेंडर बी इज स्लोअर" म्हणजे टीमने निष्कर्ष काढला, आणि तरीही निष्कर्ष म्हणजे निर्णय नाही, बी स्लो आहे असं ठरलं म्हणून ए घेतला असं कुठे लिहिलंय? मिनिट्समध्ये निर्णय असेल तर "डिसायडेड" लिहा, नसेल तर "नो डिसिजन, कॅरीड टु नेक्स्ट मीटिंग" लिहा, लाज वाटायचं काही कारण नाही.

कन्क्लूडचा एक अर्थ तर बऱ्याच जणांना उलटा वाटेल. करारांच्या इंग्रजीत "टु कन्क्लूड ॲन ॲग्रीमेंट" म्हणजे करार संपवणं नाही, करार करणं. 1969 च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनमध्ये, जी देशादेशांमधल्या तहांबद्दल आहे, "कन्क्लूजन ऑफ ट्रीटीज" म्हणजे तह होण्याची प्रक्रिया. त्यामुळे "वी कन्क्लूडेड द मेंटेनन्स काँट्रॅक्ट इन जून" असं तुम्ही संपवला या अर्थाने लिहिलंत तर समोरची लीगल टीम समजेल जूनमध्ये सही झाली. मुदत संपली असेल तर एक्स्पायर्ड, मुदतीआधी संपवला असेल तर टर्मिनेटेड.

रॅप अपबद्दल फार लिहायला नको. तो बोलण्यातला शब्द, कॉलच्या शेवटी "लेट्स रॅप अप" छान वाटतं, टीममधल्या मेलमध्येही चालतो, "उरलेली दोन-तीन कामं हातावेगळी करतोय" एवढाच त्याचा अर्थ. मिनिट्समध्ये तो नको, कारण त्याला ना कडा आहेत ना तारीख. फक्त मराठीत इतिवृत्त लिहिणार असाल तर एक सांभाळा, रॅप अपला "गुंडाळणे" लिहू नका. "प्रकल्प गुंडाळला" वाचून लोक समजतात प्रकल्प अर्धवट सोडून बंद केला, आणि वरिष्ठांपर्यंत ते गेलं तर फोन येणारच. मीटिंगसाठी "आटोपतं घेतलं" आणि कामासाठी "उरलेलं उरकलं" हे जवळचे. तसंच मागच्या सभेचे मिनिट्स मंजूर झाले तर मराठीत "इतिवृत्त कायम करण्यात आलं" असं म्हणायची रीत आहे, तिथे फायनलाइजचं "अंतिम केलं" करायचं कारण नाही.

आता हे सगळं एका मिनिट्सच्या तुकड्यावर लावून बघू. मूळ असं: "मायग्रेशन प्लॅन वॉज डिस्कस्ड अँड कन्क्लूडेड. स्क्रिप्ट्स टु बी फायनलाइज्ड बाय फ्रायडे. यूएटी विल बी रॅप्ड अप नेक्स्ट वीक." तीन वाक्यं, आणि वाचून तीनही ठिकाणी फोन करावा लागेल. पहिल्यात प्लॅन मान्य झाला का, दुसऱ्यात शुक्रवारपर्यंत स्क्रिप्ट लिहून होणार की त्यावर कोणाची मान्यता येणार, तिसऱ्यात पुढच्या आठवड्यात नेमकं काय उरलेलं असेल. हेच असं लिहिता येतं: "मायग्रेशन प्लॅन v2 अप्रूव्ह्ड बाय द प्रोजेक्ट मॅनेजर. स्क्रिप्ट्स टु बी कम्प्लीटेड बाय डेव्ह टीम बाय फ्रायडे, रिव्ह्यू बाय डीबीए बाय मंडे. यूएटी: 12 ऑफ 20 सिनॅरिओज कम्प्लीट, रिमेनिंग 8 बाय 21 मार्च." थोडं लांबलं, पण डेव्हलपर, डीबीए आणि टेस्टर तिघांनाही आपापली तारीख सापडते. शेवटच्या चौकटीत "स्टेटस" कॉलम असेल तर तिथे कम्प्लीट आणि क्लोज्ड हे दोन वेगळे ठेवा. काम करणाऱ्याने झालं म्हटलं की कम्प्लीट, आणि ज्याने ते मागितलं होतं त्याने बघून मान्य केलं की क्लोज्ड. डीबीएने सोमवारी रिव्ह्यूमध्ये चूक काढली तर जुनी ओळ पुसून बदलू नका, तारखेसकट "रीओपन्ड" लिहा, म्हणजे शुक्रवारी कम्प्लीट लिहिणारा डेव्हलपर खोटा पडत नाही आणि काम अजून बाकी आहे हेही दिसतं.