रेल्वेचा फॉर्म की बँकेचा: परीक्षा हुकली, सेंटर बदललं तर पैशांचं काय?

दोन्ही फॉर्म एकाच महिन्यात निघालेत, खिशात दोन्हींचे पैसे आहेत किंवा एकाचेच आहेत, आणि परीक्षेच्या दिवशी आपण मोकळे असू याची खात्री नाही. मुंबईत नोकरी करून तयारी करणाऱ्यांची ही नेहमीची अवस्था. अभ्यासक्रम, जागा, पगार यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून ते सोडतो. फी भरल्यानंतर सेंटर बदललं, परीक्षा पुढे गेली किंवा आपणच माघार घेतली तर रेल्वे भरती बोर्ड (आरआरबी) आणि बँकांची भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस काय परत करतात, एवढ्यापुरतीच ही तुलना.

आयबीपीएसचं आधी सांगतो, कारण तिथे नियम एका वाक्याचा आहे. एकदा भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळत नाही आणि पुढच्या परीक्षेसाठी राखूनही ठेवली जात नाही. क्लार्क आणि पीओसाठी खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस उमेदवाराला 850 रुपये, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 175. महिलांना वेगळी सवलत नाही. अर्ज मागे घ्यायचं बटण नाही. गैरहजर राहा, आजारी पडा किंवा परीक्षा देऊन या, हिशेब तोच.

सेंटरच्या बाबतीतही संस्थेने हात मोकळे ठेवलेत. एखादं केंद्र रद्द करण्याचा, नवं जोडण्याचा आणि तुम्ही निवडलेलं सोडून दुसरं देण्याचा हक्क जाहिरातीतच राखलेला असतो. तुमची मात्र केंद्र, तारीख किंवा सत्र बदलायची विनंती ऐकली जात नाही. मुंबईकराला याची एक खास झळ बसते. फॉर्ममध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि सगळा एमएमआर मिळून एकच पर्याय आहे. विरारच्या मुलाला पनवेलकडचं कॉलेज मिळालं तरी कागदावर त्याला मागितलेलंच केंद्र मिळालेलं असतं, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही. त्यात प्रिलिम्स बहुधा शनिवार-रविवारी असते. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर सकाळच्या सत्राला जाणारा वाचतो, दुपारचा अडकतो. गेट बंद झाल्यावर पोहोचलात तर 850 गेले, आणि पोहोचलात तरी ते परत येणार नव्हतेच.

रेल्वेचं गणित याच्या उलट बाजूने मांडलेलं आहे. खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस पुरुष उमेदवाराने 500 रुपये भरायचे. पहिल्या टप्प्याच्या संगणकावरच्या परीक्षेला, म्हणजे सीबीटीला, हजर राहिलात की त्यातले 400 परत, बँकेचे चार्जेस वजा करून. एससी, एसटी, महिला, तृतीयपंथी, माजी सैनिक, दिव्यांग, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास (ईबीसी) यांनी 250 भरायचे. त्यांना हजेरी लागल्यावर चार्जेस सोडून सगळे मिळतात. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या मुलीला बँकेचा फॉर्म 850 ला पडतो आणि रेल्वेचा जवळपास फुकट. मुली मला हा प्रश्न विचारतात तेव्हा मी इथेच थांबतो.

ईबीसीबद्दल एक खुलासा हवा, कारण इथे दरवर्षी चूक होते. ईबीसी म्हणजे ईडब्ल्यूएस नव्हे. रेल्वेच्या या सवलतीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत लागतं आणि त्याचा वेगळा दाखला लागतो. आठ लाखांच्या मर्यादेचा ईडब्ल्यूएस दाखला हातात आहे म्हणून 250 वाला रकाना निवडणाऱ्याची गाठ पुढे कागदपत्र तपासणीत पडते.

रेल्वेकडेही माघारीचे पैसे मिळत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. अट एकच, हजेरी. गेलाच नाहीत तर पूर्ण रक्कम गेली. मूळ ओळखपत्र विसरून गेटवरून परत फिरलात तरी तेच. दोन वेगवेगळ्या आरआरबींकडे अर्ज केल्यामुळे अर्ज बाद झाला तर परीक्षाच नाही, म्हणून परतावाही नाही. अर्जातली चूक सुधारायची खिडकी उघडते तेव्हा प्रत्येक वेळी 250 रुपये पडतात आणि ते परत येत नाहीत. ज्या मुलीने 250 भरले आहेत तिच्यासाठी एका दुरुस्तीने सगळी सवलत संपते. त्यामुळे सबमिट करण्याआधीची पाच मिनिटं इथे खरोखर पैशांची आहेत.

केंद्र बदलण्याची सोय रेल्वेतही नाही. परीक्षेचं शहर आणि तारीख साधारण दहा दिवस आधी कळते, ई-कॉल लेटर चार दिवस आधी मिळतं. मुंबई आरआरबी निवडली म्हणून परीक्षा मुंबईतच होईल असं नाही. पुणे, नाशिक, कधी त्याहून लांब. एससी-एसटी उमेदवारांना स्लीपर वर्गाचा मोफत प्रवासाचा पास मिळतो, बाकीच्यांनी स्वतःच्या खर्चाने जायचं. लांबचं शहर आलं की परतीचे 400 तिकिटात आणि जेवणात सहज जिरतात. त्या वेळी परतावा म्हणजे कमाई नसते, फार तर तिकिटाला हातभार.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा डोंबिवलीचा एक खुल्या प्रवर्गातला मुलगा आहे. त्याने रेल्वेच्या एनटीपीसी भरतीचा पदवीधर स्तराचा फॉर्म 500 ला आणि पीओचा 850 ला भरला. दोन्ही परीक्षा एकाच दिवशी आल्या. घरचे म्हणतात, बँकेला जास्त पैसे गेलेत, तिकडे जा. हा हिशेब चुकतो. 850 तो गेला तरी गेलेत, नाही गेला तरी गेलेत. त्याच्या निर्णयावर हलणारी रक्कम एकच आहे, रेल्वेचे 400. बँकेला गेला तर एकूण 1350 खर्ची पडले, रेल्वेला गेला तर साधारण 950. पैशापुरतं पाहिलं तर रेल्वेचं पारडं जड. अभ्यास कोणत्या परीक्षेचा झाला आहे हा अर्थातच वेगळा आणि मोठा प्रश्न, पण जास्त फी भरली म्हणून तिकडे जाण्यात अर्थ नाही. रेल्वेचं सेंटर नाशिकला आणि बँकेचं ठाण्यात आलं असेल, तर प्रवासखर्च धरून दोन्ही जवळपास सारखे पडतात. मग तयारी पाहून ठरवावं.

इथवर रेल्वे सरळ पुढे दिसते. तिच्या बाजूची एक कटकट मात्र एवढी मोठी आहे की काहींच्या बाबतीत काटा तिथेच फिरतो. ती म्हणजे परताव्याचं खातं.

पैसे ज्या कार्डने भरले तिकडे परत जात नाहीत. उमेदवाराने दिलेल्या बँक खात्यात जातात: खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. आणि फॉर्म ते परतावा यांत किती काळ जाईल याचा भरवसा नाही. 2019 च्या एनटीपीसीचे (सीईएन 01/2019) अर्ज मार्च 2019 मध्ये भरले गेले. पहिली सीबीटी 28 डिसेंबर 2020 ला सुरू झाली आणि जुलै 2021 पर्यंत चालली. त्या मधल्या काळात बँकाच बदलल्या. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेली, म्हणजे अर्जांची मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वर्षभराने, 1 एप्रिल 2020 ला, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये गेल्या. जुने आयएफएससी कालांतराने बंद झाले. मुंबईत देना आणि कॉर्पोरेशनची खाती घरोघरी होती. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये बोर्डांना खात्याचा तपशील दुरुस्त करायची लिंक उघडावी लागली. ज्यांचा जुना मोबाईल नंबर बंद झाला होता त्यांना ती उघडल्याचा मेसेजही मिळाला नसणार.

म्हणून खातं देताना वडिलांचं किंवा मित्राचं देऊ नका, स्वतःच्या नावाचं द्या. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच पासबुकावर आहे का ते बघा. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि नंतर पडून राहिलेलं खातं टाळा. दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं, केवायसी थकलेलं असतं आणि रक्कम अडकू शकते. आयएफएससी आठवणीतून न लिहिता आजच्या चेकबुकवरून घ्या. सीबीटी झाल्यावर ई-कॉल लेटर फेकू नका आणि आरआरबी मुंबईच्या साइटवर महिन्यातून एकदा परताव्याची सूचना बघत राहा. लिंक ठरावीक दिवसांसाठीच उघडते. पैसे आले की नाही हे पासबुकातली नोंद पाहूनच कळेल. रक्कम 400 किंवा 250 पेक्षा थोडी कमी दिसली तर ते बँकेचे चार्जेस, चूक नव्हे.

एवढी पाळत ठेवणं ज्याला जमणार नाही, त्याने परतावा मिळेल असं धरूच नये. त्याच्यासाठी रेल्वेचा फॉर्म 500 चा आणि बँकेचा 850 चा, बस्स. तरीही रेल्वे स्वस्तच.

यूपीएससीचा उल्लेख इथे हवा, कारण माघार म्हटलं की लोकांना तेच आठवतं. 2018 मध्ये आयोगाने अर्ज मागे घेण्याची सोय जाहीर केली, कारण नागरी सेवा पूर्वपरीक्षेला अर्ज करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्मेच बसत होते. अर्ज मागे घेतल्यावर फी मात्र परत मिळत नव्हती. फी 100 रुपये, महिला, एससी, एसटी आणि दिव्यांगांना माफ, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा टोचत नाही. पूर्वपरीक्षेच्या एकाही पेपरला बसला नाहीत तर अटेम्प्टही मोजला जात नाही.

पूर्ण भरतीच रद्द झाली तर? तेव्हा जाहिरातीतली ओळ कामाला येत नाही, सरकार काय ठरवतं ते पाहावं लागतं. मार्च 2019 च्या जिल्हा परिषद भरतीचे अर्ज घेतले गेले, परीक्षा झालीच नाही आणि 2022 मध्ये ती भरती रद्द झाली. पुढे शुल्क परत करायचं ठरलं तेव्हा उमेदवारांना बँकेचा तपशील नव्याने भरावा लागला. तिथेही अडचण खात्याचीच.

माझा कल कुठे आहे हे लपलेलं नसेल. हातात एकाच फॉर्मचे पैसे असतील, परीक्षेला जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल आणि स्वतःच्या नावाचं वापरात असलेलं खातं असेल, तर मी रेल्वेचा फॉर्म आधी भरायला सांगेन. मुलगी असेल तर याहून कमी विचार करून. जाणं होईल की नाही हेच ठरत नसेल तर दोन्हीकडे पैसे गेलेच असं समजा. आणि लांबच्या शहरात जायची तयारीच नसेल, तर एमएमआरच्या हद्दीत परीक्षा मिळण्याची शक्यता जास्त म्हणून बँकेचे 850 परवडतील.