पंप आधी की इंजेक्टर आधी?

कुरईच्या घाटात भरलेली गाडी अचानक दम सोडते, चेक लाईट लागते, स्कॅनरवर P0087 दिसतो, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, रेलमध्ये, दाब कमी पडतोय. फिल्टर नवा आहे, टाकीकडून हवा ओढत नाही, हे पाहून झालं की प्रश्न उरतो तो पंप आणि इंजेक्टर यांचाच. दोन्ही थकलेले असतील आणि खिसा एकाच वेळी दोन्ही झेपणारा नसेल, तर आधी काय करायचं?

माझ्या जुन्या गाडीत मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पंपच गेला." पंप बांधून घेतला. महिनाभर बरं चाललं, मग तोच कोड परत आला. नवा पंप जितकं डिझेल दाबत होता, त्यातलं बरंचसं झिजलेला इंजेक्टर रिटर्नमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, सोडून देत होता.

म्हणून या गाडीत आधी रिटर्न मोजला. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला सलाईनच्या नळ्या लावून चार बाटल्यांत सोडल्या आणि गरम इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवलं. तीन बाटल्यांत 12 ते 14 मिली जमलं, तिसऱ्या इंजेक्टरच्या बाटलीत 58. हे रिटर्नपुरतंच करा. रेलचे जाड पाईप इंजिन चालू असताना सैल करू नका, ती धार कातडीतून आत घुसते.

खरं सांगायचं तर मला पिकअपपेक्षा जास्त छळलं ते गरम स्टार्टने. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये लागायची. मे महिन्यात मनसरला चहाला दहा मिनिटं थांबलो की मग सेल्फ मारत बसायचं, बॅटरी रडायला लागायची. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या व्हॉल्व्हमधून जास्त निसटतं. सेल्फच्या वेगाने पंप थोडंच डिझेल देतो. त्यात ही गळती असली की रेलचा दाब साधारण 200 बारपर्यंत चढत नाही, आणि तोवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, इंजेक्टर उघडत नाही. पंप कमजोर असला तरी असंच होतं, हे कबूल. पण बाटली खोटं बोलत नाही.

तिसरा इंजेक्टर बांधून घेतला, नवा तांब्याचा वॉशर टाकला, त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत भरला. आधी चढावर ईसीयू 1500 बार मागायचा आणि 1100 मिळायचे. आता 1400 मिळतात. उरलेली तूट बहुधा पंपाचीच, पण P0087 लागत नाही आणि चहानंतर गाडी लगेच लागते.

दोन ठिकाणी मात्र मी पंपाकडे वळेन. चारही बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तरी दाब चढत नसेल तर. दुसरं म्हणजे, फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतल्यावर चमकणारी धातूची भुकटी दिसली तर. मग नुसत्या पंपावर भागत नाही. टाकी, रेल, पाईप सगळं धुवावं लागतं आणि इंजेक्टरही बेंचवर न्यावे लागतात.