एजंटाच्या झेरॉक्समध्ये शेवटची आठ पानं नव्हती

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात माझ्या नावावर एका फ्लॅटचं खरेदीखत नोंदवलं गेलं. मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी भरली, दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठे झाले, नोंदलेल्या दस्ताचा सारांश असलेली सूची क्रमांक २ हातात आली. अडीच महिन्यांनी कळलं की ज्या माणसानं तो फ्लॅट मला विकला, तो त्याचा मालकच नव्हता. मालकाच्या नावाचं खोटं आधार आणि पॅन घेऊन भलताच माणूस माझ्या शेजारी अंगठा देऊन गेला होता. रिसेलचा फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण मी निष्काळजी नव्हते. मी जे जे तपासलं ते सगळं खरं निघालं. तपासायचं होतं ते मात्र राहिलं.

व्यवहार ४६ लाखांचा. सासऱ्यांच्या जमिनीचे पैसे आणि माझा पीएफ मिळून ही रक्कम उभी केली होती, त्यामुळे कर्ज काढलं नाही. तेव्हा याचा आनंद झाला होता. आज वाटतं, कर्ज काढलं असतं तर बँकेच्या वकिलानं मूळ करारनामा मागितला असता. आमच्याकडे मूळ कागद मागणारं कुणी नव्हतं. मालकाचा मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट घर बदलताना गहाळ झालं, असं सांगून एजंटानं पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस दाखवली. दोन्ही खरी होती. असे कागद हरवतात, हे आपण सगळेच ऐकून असतो.

एजंटावर माझा विश्वास कसा बसला तेही सांगते. तो म्हणाला, "ताई, मिस्टरांचं नाव घालू नका, एकटीच्या नावावर घ्या. बायकांना एक टक्का सूट आहे." आणि ते खरंच होतं. पुणे महापालिकेच्या हद्दीत एरवी सात टक्के मुद्रांक शुल्क लागतं, मला सहा टक्क्यांनी २ लाख ७६ हजार लागलं. त्याच्या सल्ल्यानं माझे ४६ हजार वाचले. नोंदणी फी एक टक्का असली तरी ती ३० हजारांच्या वर जात नाही, हेही त्यानंच सांगितलं. सोसायटीचं ना हरकत पत्र कशाला नको, असं मी विचारलं तर म्हणाला, कायद्यानं विक्रीला ते लागत नाही, नंतर सभासदत्व बदलून घेऊ. हेही खरं. पण त्यामुळे व्यवहाराआधी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलेच नाही, आणि तेच त्याला हवं होतं.

बनावट चलनाच्या बातम्या वाचलेल्या होत्या, म्हणून शुल्क मी ग्रास या सरकारी भरण्याच्या संकेतस्थळावर स्वतः भरलं आणि चलनाचा जीआरएन क्रमांक तिथेच पुन्हा शोधून पाहिला. नोंदणीच्या दिवशी ते चलन माझ्यासमोर डिफेस झालं, म्हणजे दुसऱ्या दस्ताला ते वापरता येणार नाही. फ्लॅटच्या जुन्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्टही केला होता. फ्लॅट २०११ मध्ये ज्या नावावर नोंदला गेला तेच नाव खरेदीखतात होतं, कुठे बोजा नव्हता. मालकी स्वच्छच होती. फक्त ती शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची नव्हती.

नोंदणी कार्यालयातली वीस मिनिटं मी मनात शंभरदा पुन्हा पाहिली आहेत. टोकन लागलं. खिडकीपाशी छोटा वेबकॅम, त्याखाली अंगठ्याचं यंत्र. ऑपरेटरनं विचारलं, "आधारनं करायचं की ओळखदार आहेत?" मला प्रश्न नीट कळायच्या आत एजंट म्हणाला, "ओळखदार आहेत साहेब, यांचा अंगठा आधारला लागत नाही." लगेच दोन माणसं पुढे आली. सकाळी गेटजवळच्या चहाच्या टपरीवर मी त्यांना पाहिलं होतं. खरेदीखताच्या शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून त्यांच्याच सह्या घेतल्या होत्या. माझी मोठी जाऊ साक्षीदार म्हणून यायला तयार होती, पण एजंटानंच नको म्हटलं होतं: "कशाला त्यांची सुट्टी घालवता, आपली माणसं आहेत."

तो प्रश्न काय होता ते मला फार उशिरा समजलं. संमती देऊन आधारनं पडताळणी केली, तर अंगठा आधारच्या नोंदीशी जुळवला जातो. खोट्या माणसाचा अंगठा तिथेच अडकला असता. ओळखदारांचा रस्ता घेतला की यंत्र अंगठ्याचा ठसा आणि चेहऱ्याचा फोटो फक्त टिपून ठेवतं, कशाशी जुळवत नाही. मग हा माणूस तोच आहे हे सांगायची सगळी जबाबदारी त्या दोन ओळखदारांवर येते. दस्ताच्या शेवटी गोषवारा भाग २ चं पान जोडलेलं असतं, त्यावर छापील वाक्य आहे: "खालील इसम असे निवेदीत करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात." त्याखाली त्या दोघांचे फोटो आणि अंगठे. माझ्या ४६ लाखांचा सगळा भार त्या एका वाक्यावर होता.

दुय्यम निबंधकांनी विचारलं, "दस्त तुम्हीच करून दिला ना? पैसे मिळाले?" तो म्हणाला, "हो." कायद्यानं त्यांना दस्त करून दिल्याची कबुली घ्यायची असते. मालकी कुणाची, याचा तपास ते करत नाहीत. मी मात्र सरकारी कचेरीत यंत्रावर अंगठा दिला म्हणजे माणूस तपासला गेला, असं धरून चालले होते.

मे महिन्यात सभासदत्वाचा अर्ज घेऊन सोसायटीत गेले. सेक्रेटरी काकांनी माझ्या दस्तातला फोटो पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा पाहिला. म्हणाले, "हे कोण?" खरे मालक बंगळूरला नोकरीला होते. भाडेकरू बघायला म्हणून त्यांनी चावी ह्याच एजंटाकडे ठेवली होती. म्हणून तर फ्लॅट दाखवताना कुलूप इतक्या सहज उघडलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. एजंटानं सुरुवातीलाच २०११ च्या करारनाम्याची झेरॉक्स दिली होती. वकिलांनी पाहिली, मीही पाहिली. नोंदलेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर वर एक शिक्का असतो: कार्यालयाचा संक्षेप, दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक, एकूण पानं आणि वर्ष. त्या झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर ३८ आणि ४६ हे आकडे होते. म्हणजे एकूण पानं ४६ आणि मला मिळालेली ३८. शेवटची आठ नव्हती. गोषवारा दस्ताच्या शेवटी असतो. तेव्हाच्या खरेदीदाराचा, म्हणजे आजच्या मालकाचा, फोटो आणि अंगठा नेमका त्या आठ पानांत होता.

ती पानं मिळवणं अवघड नव्हतं. स्थावर मिळकतीच्या नोंदलेल्या दस्ताची नक्कल कुणालाही मागता येते. दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन ज्या कार्यालयात तो नोंदला तिथे अर्ज करायचा, फी फारशी नसते. ऑनलाइन ई-सर्चवर सूची क्रमांक २ दिसते, पण तीत फोटो नसतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. मी ती नक्कल काढली, पण फसल्यावर. ४५ व्या पानावर एक गोलसर चेहऱ्याचा, जाड मिशीचा माणूस होता. माझ्या शेजारी बसलेला माणूस उभट चेहऱ्याचा आणि घाऱ्या डोळ्यांचा. चौदा वर्षांत माणूस बदलतो, पण इतका नाही.

तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवला गेला, शिवाय नोंदणी अधिनियमाचं ८२ वं कलम लागलं, ज्यात तोतयाला आणि त्याला मदत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ओळखदारांपैकी एक जण सापडला, कारण त्याचाही फोटो आणि अंगठा दस्तात होता. तो म्हणाला, "मॅडम, मला पाचशे रुपये मिळाले. रोज चार-पाच दस्तांना उभा राहतो, कुणालाच ओळखत नाही." हे तो इतक्या साधेपणानं बोलला की मला रागसुद्धा आला नाही, नुसतं पोटात कालवलं.

पैसे मी धनादेशानं दिले होते, पण त्याच खोट्या कागदांवर उघडलेल्या खात्यात. खातं गोठवलं तेव्हा त्यात ६ लाख ४० हजार उरले होते आणि तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत. दस्त रद्द करून द्या म्हणून दुय्यम निबंधकांकडे गेले, तर त्यांनी सांगितलं की नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार त्यांना नाही, दिवाणी न्यायालयातच जावं लागेल. तो दावा खऱ्या मालकांनी केला आहे, आणि त्यात मी प्रतिवादी आहे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचं घर त्यांच्या नकळत विकलं गेलं होतं.

मागच्या महिन्यात माझी एक सहकारी रिसेलचा फ्लॅट घेत होती. तिला घेऊन मी नोंदणी कार्यालयात गेले आणि विकणाऱ्या काकांच्या २००९ च्या दस्ताची नक्कल आधी काढली. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि मी त्यांना सरळच सांगितलं की तुमचा जुना फोटो बघायचा आहे, राग मानू नका. त्यांनी स्वतःच पान हातात घेतलं. केस पांढरे झालेत, गाल बसलेत, पण डाव्या भुवईवरचा व्रण तसाच आहे. नोंदणीच्या दिवशी ऑपरेटरनं तोच प्रश्न विचारला. कुणी काही बोलायच्या आत माझी सहकारी म्हणाली, "आधारनं." काकांचा अंगठा दुसऱ्या खेपेला लागला.